नवऱ्याच्या बदल्यांमुळे आठ वर्षांत चार नोकऱ्या. रेझ्युमेत हे कसं मांडायचं?

सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्याची बदली झाली की घर हलतं, मुलांची शाळा बदलते आणि जोडीदाराची नोकरीही सुटते. लष्करात, रेल्वेत किंवा केंद्र सरकारच्या सेवेत असलेल्यांच्या घरीही हेच होतं. पुढच्या शहरात एचआरच्या हातात रेझ्युमे पडतो आणि त्यावर चार शहरं, चार कंपन्या दिसतात. कारण कुठेच लिहिलेलं नसेल, तर 'ही व्यक्ती कुठे टिकत नाही' असा अर्थ निघायला वेळ लागत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एक अकाउंटंट आहे आणि तिचा नवरा सरकारी बँकेत अधिकारी आहे. तिच्या नोकऱ्या अशा: नाशिक, जून 2017 ते मे 2019. भोपाळ, सप्टेंबर 2019 ते एप्रिल 2021. हुबळी, ऑगस्ट 2021 ते एप्रिल 2023. भुवनेश्वर, ऑगस्ट 2023 ते मे 2025. आता ती पुण्यात काम शोधतेय.

वरवर पाहिलं तर ही धरसोड वाटते. पण महिने मोजून बघा. या 96 महिन्यांपैकी 87 महिने ती कामावर होती. गॅप तीनच, प्रत्येकी तीन महिन्यांचे. दर वेळी नवं शहर, नवं घर, मुलांचे दाखले हे सगळं त्यातच उरकलं. आणि अकाउंट्सच्या कामात ज्याला सगळ्यात जास्त किंमत आहे ते मार्च क्लोजिंग तिने एकदाही चुकवलेलं नाही. प्रत्येक कंपनीत दोन, म्हणजे एकूण आठ.

मग रेझ्युमेत काय लिहायचं?

हाच हिशोब, अगदी वरच्या दोन ओळींत. उदाहरणार्थ: "अकाउंट्समध्ये सात वर्षांहून अधिक अनुभव, 2017 मध्ये जीएसटी लागू झाल्यापासून रिटर्नचं काम, आठ मार्च क्लोजिंग पूर्ण. शहरबदल जोडीदाराच्या बदल्यांमुळे." खाली प्रत्येक नोकरीसमोर 'सोडण्याचं कारण: जोडीदाराची बदली' एवढंच पुरे. कारण तळटीपेत लपवू नका, कारण वाचणारा तळापर्यंत पोहोचेलच असं नाही. नवरा कोणत्या बँकेत, कोणत्या पदावर, मुलं किती, हे मात्र सांगायची गरज नाही.

एखादी छोटी नोकरी गाळली तर?

हा मोह बऱ्याच जणांना होतो. कुणी मधली नोकरी खोडतं, कुणी आधीच्या नोकरीच्या तारखा ताणून गॅप बुजवतं. पण पीएफ कापला जात असेल तर कंपन्या बदलल्या तरी यूएएन नंबर एकच राहतो आणि त्याच्या सर्व्हिस हिस्टरीत प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ती तपासली जाऊ शकते. चार नोकऱ्यांचं कारण देता येतं, खोट्या तारखेचं नाही.

अर्ज करण्याआधी ही हिस्टरी स्वतः उघडून पाहा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर तुम्ही अजून तिथेच आहात असं दिसतं. नोकरी सोडून दोन महिने झाले असतील तर ईपीएफओच्या पोर्टलवर `Mark Exit` मधून ही तारीख स्वतःला भरता येते. घाईत शहर सोडताना रिलीव्हिंग लेटर राहून गेलं असेल, तर तेही आताच मागवा. मुलाखतीनंतर मागवायला गेलात तर जुन्या कंपनीच्या ईमेलची वाट बघत ऑफर अडकते.

'पुन्हा बदली झाली तर?'

खरा प्रश्न हाच असतो. मागच्या नोकऱ्या का सुटल्या यापेक्षा ही कधी सुटेल, याची कंपनीला चिंता असते. 'आता आम्ही इथेच कायमचे' हे उत्तर सोपं आहे, पण मागच्या तीन बदल्या समोर दिसत असताना ते कुणाला पटत नाही. वरच्या उदाहरणातली अकाउंटंट असं सांगू शकते: "नवरा मे महिन्यात इथे रुजू झाला. आधीच्या बदल्या साधारण दोन वर्षांनी झाल्या. त्यामुळे 2026 आणि 2027 ची क्लोजिंग मी पूर्ण करू शकेन असा माझा अंदाज आहे. बदली आलीच, तर पूर्ण नोटीस पीरियड देऊन काम हँडओव्हर करेन."

यात 'अंदाज' हा शब्द महत्त्वाचा. बदलीचा आदेश तिच्या हातात नाही, त्यामुळे ठाम वचन देऊ नये. आधीच्या एखाद्या मॅनेजरने हँडओव्हर नीट झाल्याचं फोनवर सांगितलं, तर या उत्तराला वजन येतं. म्हणून रेफरन्स म्हणून एचआरपेक्षा ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांचा नंबर द्यावा, अर्थात त्यांना आधी विचारून.

एवढं करूनही काही ठिकाणी नकार येईल. पाच वर्षं टीम बांधायची असलेल्या कंपनीला दोन वर्षांचा माणूस नको असतो आणि त्यात तिची चूकही नाही. अशा वेळी ठरावीक मुदतीच्या करारावरचं किंवा घरून करता येणारं काम जास्त सोयीचं. कराराची मुदत संपल्यावर सुटलेल्या नोकरीचं कारण पुढच्या मुलाखतीत वेगळं सांगावं लागत नाही. फक्त रेझ्युमेत त्या नोकरीपुढे 'करार' हा शब्द लिहायला विसरू नये.