राजीनामा मंजूर करताना

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. रत्नागिरीच्या बंदराजवळ बर्फाचा एक कारखाना आहे, तिथे तो व्यवस्थापक आहे. यंत्रांची सगळी जबाबदारी असलेल्या इंजिनिअरने राजीनामा दिला होता. त्याला द्यायच्या पत्राचा मसुदा त्याने माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "सर, एवढं मराठी तपासून द्या." मसुदा दोन ओळींचा होता: "आपला राजीनामा मिळाला. आपल्या सेवेबद्दल आभार."

मराठीत चूक नव्हती. पण मी विचारलं, "अरे, राजीनामा मिळाला हे कळलं. तो मंजूर केलास की नाही? त्यांचा शेवटचा दिवस कोणता? आणि किल्ल्या कुणाच्या हाती जायच्या?" गडी गप्प बसला. मग आम्ही दोघांनी ते पत्र नव्याने लिहिलं. त्याची हकीकत आज सांगतो, कारण असं पत्र शाळेच्या चालकांना, सोसायटीच्या चेअरमनला, कुणालाही कधीतरी लिहावं लागतं.

पहिली गोष्ट तारखेची. 'मिळाला' म्हणजे कागद पोचला, एवढंच. 'मंजूर केला' म्हणजे निर्णय झाला. आणि त्या निर्णयाला कोणत्या दिवसापासून अंमल, हे तिसरं. या तिन्हींची गल्लत झाली की काय होतं, याचं एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. बंगळूरच्या भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याने ४ जानेवारी १९९३ रोजी राजीनामा दिला. कारखान्याने तो त्याच दिवशी मंजूर केला. पण त्याचबरोबर अधिकाऱ्याला काही दिवसांची रजा दिली, आणि १५ जानेवारीला कामावरून मोकळे केले जाईल असंही कळवलं. मधेच, ८ तारखेला, त्याने राजीनामा मागे घेतला. कारखाना म्हणाला, मंजुरी झाली, आता उपयोग नाही. २००५ साली न्यायालयाने निकाल दिला तो अधिकाऱ्याच्या बाजूने. ज्या अर्थी रजा दिली आणि पंधरा तारखेपर्यंत मोकळं केलं नाही, त्या अर्थी तोवर मालक-नोकर हे नातं चालूच होतं, आणि ते चालू आहे तोवर राजीनामा मागे घेता येतो. पत्रात मंजुरीची तारीख एक आणि मोकळं करण्याची दुसरी, यातून एवढा बारा वर्षांचा घोळ झाला.

म्हणून आमच्या पत्रात शेवटचा दिवस एकच घातला, आणि तो नेमणुकीच्या पत्रातल्या नोटिशीच्या मुदतीशी ताडून पाहिला. "महिनाभराने मोकळे करू" असं लिहिलं नाही, कारण महिना कुठून मोजायचा यावरच पुढे वाद होतो.

दुसरी गोष्ट आभाराची. "आपल्या सेवेबद्दल आभार" हे वाक्य कुणालाही लावता येतं, म्हणून ते कुणालाच लागत नाही. मी विचारलं, "त्यांनी नेमकं काय केलं?" तेव्हा तो आठवून सांगू लागला, की एकदा ऐन हंगामात कॉम्प्रेसर बंद पडला, होड्या बर्फासाठी खोळंबल्या होत्या, आणि हा गृहस्थ रात्रभर जागून पहाटे यंत्र चालू करून गेला. म्हटलं, हेच लिही.

तिसरी गोष्ट कामाच्या सोपवणुकीची, आणि खरी मेख इथेच आहे. या कारखान्यात काही वर्षांपूर्वी असाच एक इंजिनिअर गेला होता. किल्ल्या, हत्यारं, वह्या, सगळं मोजून दिलं, सह्या झाल्या. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली, बर्फाची मागणी वाढली, आणि लादी गोठायला नेहमीपेक्षा जास्त तास लागू लागले. विजेचं बिलही चढलं. कारण पुढे उमगलं. अमोनियावर चालणाऱ्या यंत्रात हळूहळू हवा शिरते आणि कंडेन्सरमध्ये साठते. मग दाबाच्या घड्याळाचा काटा असायला हवा त्याहून वर राहतो आणि कॉम्प्रेसरला उगाच जादा जोर लावावा लागतो. ती हवा मधूनमधून सोडून द्यावी लागते. नळीचं तोंड पाण्याच्या बादलीत बुडवून झडप अगदी किंचित उघडतात. हवा असेल तर बुडबुडे वर येतात. अमोनिया पाण्यात विरघळतो, तेव्हा बुडबुडे थांबून तडतड ऐकू येते. मग झडप बंद. हे काम जुना माणूस न चुकता करी, पण कुठल्याही यादीत ते नव्हतं. ते त्याच्या हातात होतं, आणि हात तो घेऊन गेला.

वस्तूंची यादी कुणीही करतो. अर्धवट राहिलेल्या कामांची यादी त्याहून अवघड, आणि 'यंत्राच्या खोडी' ही सर्वांत अवघड. त्या विचारूनही सांगता येत नाहीत, कारण सवयीच्या माणसाला त्या खोडी वाटतच नाहीत. म्हणून आम्ही कागदाऐवजी दिवस ठरवले: काही दिवस जुन्याने यंत्र चालवायचं, नव्याने पाहून वहीत लिहायचं, मग नव्याने चालवायचं आणि जुन्याने हात पाठीशी बांधून उभं राहायचं. जुन्याला मधे हात घालावा लागला, की समजावं, ती गोष्ट वहीत आलेली नाही. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते, बर्फाला मागणी थोडी, त्यामुळे यंत्र थांबवून पुन्हा सुरू करायला सवडही होती.

शेवटी पत्र झालं ते असं:

"स. न. वि. वि.

आपला १ जूनचा राजीनामा त्याच दिवशी मिळाला. तो मंजूर केला असून ३० जून रोजी कामाची वेळ संपताच आपण सेवेतून मोकळे व्हाल. तोपर्यंत आपण नेहमीप्रमाणे कामावर आहात.

ऐन हंगामात कॉम्प्रेसर बंद पडला असता आपण रात्रभर खपून तो सकाळच्या आत चालू केलात. होड्या रिकाम्या परतल्या नाहीत. कारखाना हे विसरणार नाही. आभारी आहोत.

आपल्या जागी येणारे गृहस्थ १५ जूनला रुजू होतील. २१ तारखेपर्यंत यंत्रे आपण चालवावीत व त्यांनी टिपण करावे. २२ पासून त्यांनी चालवावीत व आपण देखरेख करावी. हवा सोडणे, तेल काढणे आणि मिठाच्या पाण्याची तीव्रता तपासणे ही कामे त्यांनी आपल्यासमोर स्वतः करावीत. किल्ल्या, हत्यारे, अमोनियाचे मुखवटे, नोंदवह्या आणि अपुऱ्या कामांची यादी २९ तारखेला दोघांच्या सहीने माझ्याकडे द्यावी.

आपला पगार, शिल्लक रजेचे पैसे व ग्रॅच्युइटी यांचा हिशेब नियमाच्या मुदतीत होईल. अनुभवाचा दाखला ३० तारखेलाच मिळेल.

कळावे."

एक वाक्य मात्र मी खोडायला लावलं. त्याने लिहिलं होतं, "कार्यभार पूर्ण दिल्याशिवाय मोकळे केले जाणार नाही." म्हटलं, बाबा, या एका वाक्याने ३० तारीख पुसली जाते आणि पुन्हा तोच बंगळूरचा घोळ होतो. शिवाय अमुक दिवशी मोकळं होणार हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस मन लावून शिकवतो. अडवून ठेवलेला माणूस नुसत्या सह्या करतो.

ऑगस्टमध्ये विद्यार्थी पुन्हा भेटला. म्हणाला, बर्फ वेळेवर निघतोय. नव्या माणसाच्या वहीत पहिल्याच पानावर एक ओळ आहे: "बादलीत तडतड ऐकू आली की झडप बंद."