‘निष्काळजीपणा’ हा शब्द खोडा

समजा, प्रेस शॉपमध्ये कामगाराच्या बोटाचं टोक गेलं. अहवालात पहिलं वाक्य बहुधा हेच येतं: ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.’ मला हे वाक्य फार खटकतं, कारण ते डोळ्यांना दिसलेलं नाही. तो निवाडा आहे. आणि निवाडा लागला की चौकशी तिथेच थांबते.

त्याऐवजी असं लिहा: ‘दुपारी 3.40. पत्र्याचा तुकडा डायमध्ये अडकला. ऑपरेटरने तो उजव्या हाताने काढला, तेव्हा पाय पेडलवर होता. प्रेस खाली आली. पुढची जाळी यंत्राशेजारी जमिनीवर होती.’ जाळी कोणी, कधी काढली हे ठाऊक नसेल तर तसंच नोंदवा. ऐकलेलं असेल तर ‘ऑपरेटर सांगतो की’ म्हणून वेगळं ठेवा. जाळी हलवण्याआधी फोटो काढा आणि जबाब त्याच दिवशी, एकेकट्याने घ्या. घोळक्यात सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या होतात.

आता प्रश्न आपोआप पुढे येतात. तुकडा का अडकला? डायची धार गेली होती. हात का घातला? चिमटा जागेवर नव्हता. जाळी का काढली? ती लावली की अडकलेला तुकडा काढता येत नव्हता. यातलं काहीच त्या कामगाराला समज देऊन दुरुस्त झालं नसतं.