सुपरवायझरच्या खिशातला तक्ता: स्थायी आदेशातली गैरवर्तनं आणि शिक्षा एका पानावर उतरवताना कुठे चुकतं?

आपल्या तालुक्यातली बरीच पोरं आता एमआयडीसीत, सूतगिरणीत, साखर कारखान्यात लागली आहेत. काही जण सुपरवायझरही झालेत. रात्रपाळीला कोणी दारू पिऊन आला, कोणी चार दिवस न सांगता गायब झाला, तर पहिला निर्णय ह्याच माणसाला घ्यावा लागतो. साहेब झोपलेले असतात, आणि स्थायी आदेशांचं पुस्तक ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद असतं. म्हणून मग एका पानाचा तक्ता करतात. तो चांगला झाला तर कामाचा. चुकीचा झाला तर एखाद्याची नोकरी जाते, नाहीतर कारखाना कोर्टात हरतो.

स्थायी आदेश म्हणजे कारखान्यातल्या नोकरीचे नियम. हजेरी, रजा, पाळ्या, गैरवर्तन, शिक्षा सगळं त्यात असतं. प्रमाणित म्हणजे सरकारच्या प्रमाणन अधिकाऱ्याने तपासून सही-शिक्का दिलेली प्रत. 1946 च्या कायद्याने हे सुरू झालं. आता त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. त्यामुळे आपल्याकडची प्रत सध्या चालू आहे ना, तेवढं आधी कामगार अधिकाऱ्याकडून पक्कं करून घ्या. दुसऱ्या कारखान्याची मोबाईलवर आलेली पीडीएफ धरून तक्ता करू नका. कलमं सारखी दिसतात, पण आकडे वेगळे असू शकतात.

पहिली चूक होते ती शब्द गाळण्यात. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशात गैरहजेरीचं कलम साधारण असं आहे: सवयीने विनारजा गैरहजर राहणं, किंवा सलग 10 दिवसांपेक्षा जास्त विनारजा गैरहजर राहणं, किंवा पुरेसं कारण नसताना मंजूर रजेपेक्षा जास्त दिवस राहणं. आता सुपरवायझर घाईत लिहितो, ‘विनारजा गैरहजेरी’. झालं! ‘सवयीने’ गेलं, ‘10 दिवस’ गेले, आणि एका दिवसाची दांडीसुद्धा गैरवर्तन ठरली. ‘सवयीने’ म्हणजे काय हेही तिथेच खाली स्पष्टीकरणात दिलंय: वर्षभरात तीनपेक्षा कमी वेळा घडलेली गोष्ट सवय धरायची नाही. हे स्पष्टीकरण यादीच्या शेवटी असल्यामुळे तक्ता करणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतं. ‘जाणूनबुजून’ या शब्दाचंही तसंच. जाणूनबुजून मशीन बिघडवणं वेगळं, आणि हातून बिघडणं वेगळं.

एक उदाहरण घेऊ. समजा सूतगिरणीतला एक हेल्पर जूनमध्ये पेरणीसाठी चार दिवस न सांगता गेला. त्याआधी जानेवारीत घरी आजारपण होतं म्हणून दोन दिवस आला नव्हता. सुपरवायझरच्या तक्त्यात लिहिलंय, ‘विनारजा गैरहजेरी – निलंबन’. मूळ कलमाला लावून बघा. सलग 10 दिवसांपेक्षा जास्त? नाही, चारच. सवय? वर्षात दोनच वेळा, तीन नाहीत. रजा संपल्यावर राहिला? रजा घेतलीच नव्हती. म्हणजे तिन्हीपैकी एकाही खान्यात तो बसत नाही. चार दिवसांचा पगार मिळणार नाही, समज देता येईल, पुढच्या वेळेसाठी नोंद ठेवता येईल. पण या कलमाखाली निलंबनाचा कागद काढला तर तो टिकणार नाही. असे कागद निघतात, आणि गडी मुकाट्याने घरी बसतो, कारण त्यालाही कलम माहीत नसतं.

दुसरी चूक याहून मोठी आहे. तक्ता म्हटला की एका बाजूला गुन्हा, दुसऱ्या बाजूला शिक्षा असं डोळ्यासमोर येतं. पण स्थायी आदेशात अशी जोडी लावलेलीच नसते. गैरवर्तनांची यादी एका कलमात, शिक्षांची यादी दुसऱ्या. आदर्श आदेशात शिक्षा अशा: समज किंवा ठपका, दंड, जास्तीत जास्त चार दिवसांचं निलंबन, आणि नोटिशीशिवाय बडतर्फी. कोणत्या गैरवर्तनाला कोणती, हे ठरवताना त्याचं गांभीर्य, कामगाराचं आधीचं रेकॉर्ड आणि त्याच्या बाजूच्या गोष्टी बघायच्या असतात. म्हणून ‘चोरी = बडतर्फ’ असा खाना तक्त्यात काढू नका. तो खाना काढला की चौकशीच्या आधीच निकाल ठरल्यासारखा दिसतो, आणि कामगाराचा वकील तोच कागद पुढे ठेवतो.

मग शिक्षेचा खाना कसा ठेवायचा? शिक्षा वेगळ्या चौकटीत खाली लिहा, आणि प्रत्येकीपुढे मर्यादा आणि सही कोणाची ते लिहा. दंड पगाराच्या 3 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. 15,000 रुपये पगार असेल तर 450 रुपये. तुमच्या प्रतीत मर्यादा कमी असेल तर तीच पाळायची. शिक्षेच्या निलंबनाचा लेखी आदेश मॅनेजरच्या सहीचा लागतो, सुपरवायझरच्या तोंडी ‘उद्यापासून येऊ नको’ ला काही अर्थ नाही.

निलंबन दोन प्रकारचं असतं हेही चौकटीत वेगळं दाखवा. एक शिक्षा म्हणून, ते चार दिवसांपर्यंत. दुसरं चौकशी पूर्ण होईपर्यंत, ती शिक्षा नव्हे, आणि त्यात निर्वाह भत्ता द्यावा लागतो: पहिले 90 दिवस पगाराच्या निम्मा, आणि पुढे कामगारामुळे उशीर झाला नसेल तर 75 टक्के. दोन्ही एकत्र लिहिली की दीड महिना घरी बसवलेल्या माणसाला भत्ताच मिळत नाही, असा घोळ होतो.

गैरवर्तनासमोर मग उरतं काय? आज तुम्ही काय करायचं ते. एक ओळ अशी दिसेल: कलम 24 (तुमच्या प्रतीतला क्रमांक घाला), ‘आवारात दारू पिऊन असणं’ (मूळ शब्द जसेच्या तसे), त्यापुढे: कामावरून बाजूला करा, वेळ आणि जागा लिहा, दोन साक्षीदारांची नावं घ्या, त्याच पाळीत मॅनेजरला लेखी कळवा. बस.

‘आवारात’ हा शब्दही सोडू नका. ग्लॅक्सोच्या मीरत प्रकरणात 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच बघितलं. कलमात कारखान्याच्या आवाराची आणि लगतच्या भागाची अट होती, आणि मारहाण झाली होती लांब, कामगारांच्या बसमध्ये. ती त्या कलमात बसत नाही असं कोर्टाने ठरवलं. यादीत नसलेली गोष्ट मालकाला आपल्या मनाने गैरवर्तन ठरवता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे गावच्या जत्रेत दोन कामगारांची बाचाबाची झाली, तर तक्त्यातली ओळ लावण्याआधी कलमातली जागा वाचा. व्हॉट्सअॅपवर साहेबाला शिव्या दिल्या ही गोष्ट जुन्या प्रतीत नावाने नसणारच. ती ओढूनताणून ‘शिस्तीला बाधा’ मध्ये घालण्याआधी कामगार अधिकाऱ्याला विचारा.

तक्ता झाला की एका माणसाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने तक्त्यावर बोट ठेवून ताडावी. अर्धा तास लागतो. खाली लिहा: ‘हा फक्त आठवणीचा कागद आहे, वाद झाल्यास प्रमाणित प्रतच खरी’, आणि ती प्रत कोणत्या तारखेची तेही. प्रतीत दुरुस्ती झाली की जुने तक्ते गोळा करून फाडायचे.

आणि कामगार मंडळींसाठी: स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावलेले असावे लागतात. उद्या पाळीला जाताना गेटवर बघा. लावलेले असतील तर गैरवर्तनाच्या पानाचा फोटो काढून ठेवा.