फेब्रुवारीतले तीनशे रुपये

भोसरीतला साठ माणसांचा एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. पगार, पीएफ, ईएसआय, टीडीएस हे सगळं अकाउंट्सच्या मॅडम एकट्या बघतात. एप्रिलच्या सुरुवातीला त्या सांगतात, बाळंतपणाची तारीख 10 ऑक्टोबर आहे. साहेब अभिनंदन करतात आणि मनात म्हणतात, अजून सहा महिने आहेत.

सहा महिने नाहीत. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यातले आठ आठवडे प्रसूतीच्या अंदाजित तारखेआधी घेता येतात. म्हणजे मॅडम 15 ऑगस्टपासून नसू शकतात आणि परत येतील त्या 13 फेब्रुवारीला. शिवाय डॉक्टरांनी जुलैतच विश्रांती सांगितली, तर तिथे कुणाचंच काही चालत नाही. म्हणून सगळं हस्तांतर जुलैअखेर पुरं व्हायला हवं.

पगाराचं काम महिन्याच्या फेऱ्यांनी चालतं, तेव्हा शिकवणीही फेऱ्यांनीच मोजायची. एप्रिलचा पगार मॅडम करतील आणि त्यांचा सहायक शेजारी बसून बघेल. मेचा पगार सहायक करेल, मॅडम बघतील आणि शक्यतो माउसला हात लावणार नाहीत (हे फार अवघड जातं). जूनचा पगार त्याने एकट्याने करायचा. मॅडम त्याच इमारतीत, पण दुसऱ्या खोलीत. अडलं तर विचारायचं आणि विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत टिपायचा. हस्तांतराची खरी फाइल हीच वही. मॅडमनी आधी बसून लिहिलेल्या टिपणात त्यांच्या हाताला सवयीने येणाऱ्या गोष्टी नेमक्या गळतात. जुलैचा पगार मुद्दाम मोकळा ठेवलेला, कमी-जास्त झालं तर.

पण या तीन फेऱ्यांत जे येत नाही, ते कोण शिकवणार? टीडीएस महिन्याच्या 7 तारखेपर्यंत आणि पीएफ-ईएसआय 15 तारखेपर्यंत भरायचं, हे दर महिन्याला घडतं, म्हणून अंगवळणी पडतं. घोळ होतो तो वर्षातून एकदोनदा येणाऱ्या कामांत. म्हणून मॅडम नसतील त्या प्रत्येक महिन्याचं पान वेगळं करून त्या महिन्यात नवीन काय, एवढंच लिहून घ्यावं. ऑक्टोबरात दिवाळीचा बोनस आणि टीडीएसचं तिमाही विवरणपत्र. डिसेंबरच्या पगारात कामगार कल्याण निधीची कपात. जानेवारीत लोकांकडून गुंतवणुकीचे पुरावे गोळा करायचे, तेवढ्यात पुन्हा तिमाही विवरणपत्र.

ऑक्टोबरच्या पानावर आणखी एक ओळ हवी. ईएसआयची मर्यादा 21,000 रुपये. जुलैच्या पगारवाढीत एखादा कामगार त्यापुढे गेला, तरी त्याची वर्गणी लगेच थांबत नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा कालखंड संपेपर्यंत ती कापावीच लागते. नवा माणूस आकडा बघतो आणि जुलैतच कपात बंद करतो. कामगाराला हातात चार पैसे जास्त दिसतात, म्हणून तक्रारही येत नाही. चूक कळते ती तपासणीत.

दुसरी अडचण अगदी क्षुल्लक वाटणारी. पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल मॅडमचा, त्यामुळे ओटीपी जाणार त्यांच्या फोनवर. डिजिटल सहीचं डोंगलही त्यांच्याच नावाचं. ते ड्रॉवरमध्ये ठेवून पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देणं ही आपल्याकडची सर्रास पद्धत, पण सही ज्याची त्याची असते. दुसऱ्या अधिकृत माणसाची सही आणि नंबर मेमध्येच नोंदवायला घ्यावा, कारण मंजुरीला वेळ लागतो. जमलंय की नाही हे ओळखायची खूण सोपी: जूनचं चलन भरताना मॅडमचा फोन वाजला, तर हस्तांतर झालेलं नाही.

फोनबद्दलही आधीच ठरवावं. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे कायद्यानेच काम देता येत नाही, आणि ‘फक्त एक मिनिट, मॅडम’ हेही कामच असतं. अडल्यास बाहेरच्या सीएंना विचारायचं, त्यांचे पैसे आधीच धरून ठेवायचे. सहायकाच्या रोजच्या कामाचं काय, हाही प्रश्न उरतोच. बिलांची नोंद दुसऱ्याकडे द्यावी. दर आठवड्याला निघणारा एखादा अहवाल कुणी वाचत नसेल, तर तो बंद करावा. त्याच्यावर दोघांचं काम लादून दिवाळीत मिठाईचा डबा दिला, तर जानेवारीत त्याचाच राजीनामा येतो आणि मग पुरावे गोळा करायला कुणीच नसतं.

13 फेब्रुवारीला मॅडम येतात. त्या दिवशीच खुर्ची परत घ्यायची नाही. फेब्रुवारीचा पगार सहायकच करेल आणि आता मॅडम शेजारी बसून सहा महिन्यांत काय बदललं ते बघतील. महाराष्ट्रात व्यवसाय कर बहुतेकांचा दरमहा 200 रुपये कापला जातो, पण वर्षाचे 2,500 जुळवायला फेब्रुवारीत 300 कापावे लागतात. मॅडम काही बोलत नाहीत, नुसत्या स्क्रीनकडे बघत राहतात. सहायक वही उघडतो. फेब्रुवारीच्या पानावर पहिलीच ओळ तीनशेची आहे.