भाडं साठ हजार, हातात एक्केचाळीस

पुण्यात बाणेरला एक टू-बीएचके आहे असं धरू. मालकीण न्यू जर्सीत नोकरी करते, भारतात तिचं दुसरं काही उत्पन्न नाही. करारात भाडं महिना ६०,००० रुपये, पण तिच्या एनआरओ खात्यात पडतात ४१,२८० रुपये. उरलेले १८,७२० भाडेकरू कापतो आणि सरकारजमा करतो. भाडेकरू डोईजड झालाय असं कुणालाही वाटेल, पण तो बिचारा कायदाच पाळतोय.

मालक भारतात राहणारा असेल, तर महिना ५०,०००च्या वरच्या भाड्यावर फक्त २ टक्के कपात होते. मालक अनिवासी असला की कलम १९५ लागू होतं. ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. इथे किमान मर्यादा नाही. भाडं दहा हजार असलं तरी कापायचंच. शिवाय कपात होते ती अख्ख्या भाड्यावर. मालकिणीला कोणत्या वजावटी मिळतात, हे पाहणं भाडेकरूचं काम नाही. ते विवरणपत्रात दाखवायचं असतं.

आता २०२५-२६चा हिशोब मांडू. वर्षाचं भाडं ७,२०,०००. मालकिणीने महापालिकेचा मिळकतकर ३०,००० भरला, तो वजा जाता ६,९०,०००. त्यावर कायदा सरसकट ३० टक्के वजावट देतो, म्हणजे २,०७,०००. सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकाम, एजंटची दलाली हे सगळं त्या ३० टक्क्यांत आलं; त्याच्या पावत्या कुणी मागत नाही आणि त्यापोटी वेगळं काही मिळतही नाही. घरावर कर्ज असतं, तर व्याजही वजा झालं असतं. इथे कर्ज नाही, तेव्हा करपात्र उत्पन्न ४,८३,०००.

नव्या करप्रणालीत पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढच्या ८३,०००वर ५ टक्क्यांनी ४,१५० आणि उपकर धरून साधारण ४,३२० रुपये. याच उत्पन्नावर भारतात राहणाऱ्याला कलम ८७एची सूट मिळून कर शून्य झाला असता. ती सूट अनिवासींना नाही, आणि इथेच घरच्या घरी केलेले बरेच हिशोब चुकतात. असो. कापले गेले २,२४,६४०, देणं होतं ४,३२०. परतावा २,२०,३२० रुपये.

‘अमेरिकेत कर भरतेच आहे, तिथे वळता करून घेईन’ असं म्हणून हा परतावा सोडून देणं महागात पडतं. भाड्याचं उत्पन्न तिला तिथेही दाखवावं लागतं हे खरं, पण तिथे श्रेय मिळतं ते भारतात खरोखर देय असलेल्या कराचं. जी रक्कम मागून परत मिळू शकते, तिचं नाही.

विवरणपत्र भरायचं ते ITR-2; सोपा ITR-1 अनिवासींसाठी नाही. मुदत ३१ जुलै २०२६. मात्र त्याआधी आयकराच्या संकेतस्थळावरून 26AS उतरवून घ्यावा आणि त्यात तीन गोष्टी पाहाव्यात: कलम १९५च लिहिलंय का, चारही तिमाह्यांच्या नोंदी आहेत का, आणि बेरीज २,२४,६४० होते का. शेवटच्या तिमाहीचं विवरण भाडेकरूने ३१ मेपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे एप्रिलमध्ये पाहिलं तर आकडा कमीच दिसणार.

खरा घोटाळा होतो तो भाडेकरूच्या टोकाला. त्याने टॅन क्रमांक काढून दर तिमाहीला फॉर्म 27Q भरायला हवा. पण तो पगारदार माणूस. टॅन ही भानगड त्याला कुठून ठाऊक असणार? कित्येक जण चलनाने पैसे भरून मोकळे होतात आणि 27Q राहूनच जातो. पैसे सरकारकडे पोचलेले असतात, पण मालकिणीच्या पॅनवर नोंद नसते. अशा वेळी विवरणपत्रात नुसता आकडा टाकला तर संगणक त्याचं श्रेय देत नाही आणि परतावा अडतो. आधी भाडेकरूकडून 27Q भरून घ्यावा, पॅन चुकला असेल तर दुरुस्ती करून घ्यावी आणि फॉर्म 16A मागून ठेवावा. उशिराबद्दल त्याला दिवसाला २०० रुपये शुल्क बसतं, म्हणून हे बोलणं करार करतानाच झालेलं बरं.

विवरणपत्र भरलं, तरी ३० दिवसांत त्याची पडताळणी लागते. आधारशी जोडलेला भारतातला मोबाइल नंबर बंद पडला असेल, तर ओटीपी येत नाही. मग नेटबँकिंगवरून पडताळणी करायची किंवा सही केलेली पोच बंगळुरूला टपालाने पाठवायची. एनआरओ खातंही संकेतस्थळावर आधी प्रमाणित करून ठेवावं लागतं, कारण परतावा तिथेच जमा होणार.

दरवर्षी दोन लाख असे अडकून ठेवायचे नसतील, तर आयकर खात्याकडे कमी दराने कपातीच्या दाखल्यासाठी आधीच अर्ज करता येतो. दाखला मिळाला की भाडेकरू त्यातल्या दराने कापतो. मात्र दाखल्यावर त्या भाडेकरूचा टॅन असतो आणि तो त्या आर्थिक वर्षापुरताच चालतो; भाडेकरू बदलला की नवा अर्ज करावा लागतो.