विश्लेषण : मित्राची आजी गेली, पण तो तिला ‘आई’ म्हणायचा... अशा वेळी मेसेजमध्ये काय लिहायचं?

सकाळी सात वाजता मित्रांच्या ग्रुपवर एक ओळ येते, ‘आजी आज पहाटे गेली.’ पुढच्या अर्ध्या तासात खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’, ‘ॐ शांती’. कुणी आदल्या महिन्यात दुसऱ्याच कुणासाठी वापरलेलं, दिव्याची ज्योत असलेलं चित्र पुन्हा पाठवतं. यात वाईट काहीच नाही. ग्रुपवर एवढंच लिहायचं असतं आणि तेवढं लिहिलं जातं.

अडचण येते ती त्यानंतर. ज्याला ठाऊक असतं की या मित्राला आजीनेच वाढवलं, तो त्याचा वैयक्तिक चॅट उघडतो, दोन शब्द टाइप करतो आणि पुसतो. ‘तुझ्या आजीच्या जाण्याचं ऐकून वाईट वाटलं’ हे वाक्य कुणाच्याही आजीला चालतं. या आजीला ते पुरत नाही.

‘आजी’ या शब्दाने नेमकं काय बिघडतं?

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या मृत्यूवर बोलायची ठरलेली भाषा आहे. ‘वय झालं होतं’, ‘पिकलं पान’, ‘अंथरुणाला खिळली नाही, सोनं झालं’, ‘नातवंडं-पतवंडं बघून गेली’. नव्वदीच्या माणसाच्या समाचाराला जाणारे हेच बोलतात आणि मुला-सुनांना त्याने थोडा धीरही येतो. पण ज्याच्यासाठी ती व्यक्ती रोज डबा भरणारी, तापात उशाशी बसणारी, शाळेच्या दाखल्यावर अंगठा उठवणारी होती, त्याच्या दृष्टीने आज आई गेलेली असते. आई गेलेल्या माणसाला ‘वय झालं होतं’ असं तोंडावर कुणी म्हणत नाही.

व्यवहारातही नातं मोजण्याची पट्टी वेगळी असते. बऱ्याच कार्यालयांत दुखवट्याची रजा आई-वडील, जोडीदार आणि मुलांसाठी असते. आजीसाठी एखादा दिवस मिळाला तर मिळाला. ती आईची आई असेल तर अनेक घरांत नातवाला सुतकही तीनच दिवसांचं. म्हणजे नियम, रूढी आणि लोकांचं बोलणं, तिन्हीकडून त्याला हेच कळत राहतं की तुझं दुःख मधल्या आकाराचं आहे.

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८०च्या दशकात अशा दुःखाला नाव दिलं आणि १९८९मध्ये त्यावर पुस्तकही संपादित केलं. मराठीत सांगायचं तर, हे समाजाने मान्यता न दिलेलं दुःख. नुकसान खरं असतं, पण रडण्याचा ‘अधिकार’ दुसऱ्या कुणाचा मानला जातो. आजीच्या बाबतीत तो अधिकार तिच्या मुलांचा. वाढवलेला नातू पाहुण्यांना पाणी देत, मांडववाल्याला फोन करत फिरतो.

सुरुवात कोणत्या शब्दाने करायची?

तो तिला जे म्हणायचा, त्या शब्दाने. सल्ला फार साधा आहे, पण बहुतेक मेसेज इथेच चुकतात.

आजीने वाढवलेली मुलं तिला ‘आजी’ म्हणतातच असं नाही. घरात सगळे तिला ‘आई’ म्हणतात म्हणून मूलही ‘आई’ म्हणतं आणि जन्मदात्रीला ‘मम्मी’, कधी काका हाक मारतात तशी ‘वहिनी’. कुठे आजी ‘मोठी आई’ असते, कुठे ‘माय’, कुठे नुसती ‘बाई’. आजोबांचे ‘अण्णा’, ‘तात्या’, ‘दादा’ होतात. ग्रुपवर मित्राने ‘आजी’ लिहिलं, कारण चाळीस लोकांना नातं समजायला हवं. त्याच्या तोंडातला शब्द तो नव्हे. ‘आई गेल्याचं कळलं’ एवढ्या तीन शब्दांतच समोरच्याला समजतं की लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक आहे.

‘त्या’ की ‘ती’ हाही प्रश्न पडतो. मित्र ‘माझी माय आली होती’ असं म्हणत असेल आणि मैत्री तितकी घट्ट असेल, तर ‘ती’ चालतं. ओळख बेताची असेल तर ‘त्या’ बरं. मात्र ‘आपल्या मातामही दिवंगत झाल्याचे समजले’ ही भाषा शोकसभेच्या ठरावाला शोभते, मित्राला नव्हे.

उदाहरण घेऊन पाहू

बीड जिल्ह्यातल्या गावातून पुण्यात शिकायला आलेला आणि आता तिथेच नोकरी करणारा एक तरुण. आई-वडील ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला ते कारखान्यावर जायचे आणि पाडव्याच्या आसपास परतायचे. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. एकटा माणूस सहसा धरला जात नाही, त्यामुळे आईला मागे राहायची सोय नसते. मुलं एकतर फडावरच्या कोपीत जातात आणि शाळा बुडते, नाहीतर गावात आजी-आजोबांकडे राहतात. हा मुलगा आजीकडे राहिला. वर्षातले पाच-सहा महिने, पहिलीपासून दहावीपर्यंत. तो तिला ‘आई’ म्हणायचा.

मेसेज लिहायला बसलाय त्याचा होस्टेलवरचा जुना खोली-जोडीदार. त्याचा पहिला मसुदा असा : ‘तुझी आजी खूप प्रेमळ होती. तिने तुझ्यासाठी खूप कष्ट केले. तिची उणीव कधीच भरून येणार नाही. देव तुला हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. काही लागलं तर सांग.’

मनापासून लिहिलेलं आहे. पण आजीच्या जागी कुणालाही बसवा, वाक्यं तशीच राहतात. ती एकही गोष्ट करताना दिसत नाही. शिवाय ‘काही लागलं तर सांग’ म्हणजे काय लागेल ते शोधायचं कामही दुःखात असलेल्यावरच.

मग तो चिडून दुसरा मसुदा लिहितो आणि उलट्या बाजूला घसरतो : ‘आई-बाप असून नसल्यासारखे होते, तेव्हा तिनेच तुला माणूस केलं.’ हे वाक्य सर्वांत धोक्याचं. मित्राची आई आज त्याच घरात बसलेली आहे. लेकराला मागे ठेवून दर वर्षी ट्रकमध्ये चढल्याची बोच तिला आयुष्यभर आहे आणि आज तिचीही सासू गेली आहे. दुखवट्याच्या घरात फोन या हातातून त्या हातात जातात, मेसेज मोठ्याने वाचले जातात. आजीचं मोठेपण सांगण्यासाठी आई-वडिलांना लहान करू नये. मित्र स्वतः कधीतरी त्यांच्याबद्दल रागाने बोलला असेल, तरी तो बोलण्याचा हक्क त्याचा आहे.

यानंतर तो टाइप करणं थांबवतो आणि आठवायला लागतो. या आजीबद्दल आपल्याला स्वतःला काय माहीत आहे? प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. पण रोज संध्याकाळी सातच्या सुमारास येणारा मिस कॉल आठवतो. मग मित्र गॅलरीत जाऊन ‘आई, जेवलो’ म्हणायचा, जेवलेला नसला तरी. एसटीच्या कंडक्टरकडे दिलेली, फडक्यात बांधलेली धपाट्यांची चवड आठवते. एकदा तिने फोनवर सांगितलेलं वाक्य आठवतं. मेसेज होतो तो असा :

‘भावा, आई गेल्याचं आत्ता वाचलं. पहिलं वर्षभर मला वाटायचं, सातला मिस कॉल देते ती तुझी मम्मीच. ती आजी आहे हे तू खूप नंतर सांगितलंस, तेही मी विचारलं म्हणून. तिने पाठवलेले धपाटे तुझ्यापेक्षा मीच जास्त खाल्ले. एकदा तू अंघोळीला गेलेलास तेव्हा फोन मी उचलला, तर म्हणाली, “त्याला उपाशी झोपू देऊ नको, तो सांगत नसतो.” तेव्हापासून मेसमध्ये तुझं ताट मी झाकून ठेवायचो. ते तिच्या सांगण्यावरून होतं, तुला कधी बोललो नाही. उद्या सावडायला येतोय, सकाळी सहाला निघतो. उत्तर देऊ नको.’

यात वेगळं काय झालं?

‘प्रेमळ’ हा शब्द कुठेही नाही. तिने केलेल्या तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या. त्यातली ताटाची गोष्ट तर मित्रालाही माहीत नव्हती. गेलेल्या माणसाबद्दल नवं काही कळणं आता थांबलं, असं ज्याला वाटत असतं त्याच्या हाती आणखी एक आठवण येते. ‘खंबीर हो’ असंही कुठे म्हटलेलं नाही आणि मदत विचारलेली नसून सांगितलेली आहे : कधी निघतो, कशासाठी येतो. शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. त्या दिवशी आलेल्या प्रत्येक मेसेजला हात जोडून उत्तर देणं हेही घरच्यांवर एक ओझंच असतं.

एक खबरदारी मात्र हवी. आठवण खरीच असावी. भर घालण्यासाठी रचलेला प्रसंग जवळच्या माणसाला लगेच ओळखू येतो. आणि वाढवणारं माणूस गोडच होतं असंही नाही. कडक शिस्तीचे, पाढे चुकले की छडी उचलणारे आजोबा गेले असतील, तर त्यांना ‘मायेचा सागर’ म्हटलेलं नातवाला खोटं वाटेल. ‘अण्णांना घाबरून तू सातच्या आत घरी पळायचास’ हे वाक्य त्याला रडता रडता हसवू शकतं.

काहीच माहीत नसेल तर?

ऑफिसातल्या मित्राने आजीबद्दल एखाद-दुसरं वाक्यच सांगितलेलं असतं. तेवढंही पुरतं. ‘तू एकदा म्हणाला होतास, शाळेची फी भरायला मायने शेळी विकली. ती गोष्ट माझ्या लक्षात राहिली.’ तेही नसेल तर दोनच ओळी लिहाव्यात आणि मोठा मेसेज पुढे ढकलावा. पहिल्या दोन-तीन दिवसांत वाचायला कुणाला उसंत नसते. दहावा-तेरावा उरकतो, पाहुणे पांगतात, तो कामावर परततो आणि तिथे ‘आजीच होती ना?’ हा प्रश्न त्याच्यासमोर येतो. लांब मेसेज खरा त्या आठवड्यात लागतो.

वरच्या उदाहरणातल्या मित्राने सावडून परतल्यावर आणखी एक गोष्ट केली. तेराव्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता त्याने मिस कॉल दिला. पाच मिनिटांनी उत्तर आलं, ‘जेवलो नाही अजून.’