छायाचित्रावरील जलचिन्ह : नाव राहावे, चित्र बिघडू नये

शंभर रुपयांची नोट उजेडासमोर धरली असता तिच्या कोऱ्या भागात महात्मा गांधींची आकृती उमटलेली दिसते. हिलाच जलचिन्ह किंवा नेहमीच्या बोलण्यातला वॉटरमार्क म्हणतात. ही युक्ती जुनी आहे. इटलीतील फाब्रियानो गावचे कागद करणारे कारागीर तेराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या साच्याच्या जाळीवर तारेची आकृती बसवीत असत. तारेवर लगदा पातळ बसे आणि कागद वाळल्यावर तेवढ्याच जागेतून उजेड अधिक येई. हे चिन्ह कागदाच्या अंगातच असल्यामुळे कागद फाडल्यावाचून ते काढता येत नसे.

इंटरनेटवर ठेवावयाच्या छायाचित्रावर आपण आपले नाव पुसट अक्षरांत घालतो, तेव्हा त्यासही जलचिन्ह हेच नाव देतो. परंतु या दोहोंमध्ये मूलभूत फरक आहे. पडद्यावरील चिन्ह चित्राच्या अंगात नसते. ते वरून पसरलेल्या पातळ रंगाप्रमाणे असते. ते कसे पसरते हे नीट समजले, म्हणजे ते घालावे की नाही आणि कसे घालावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक विद्यार्थिनी मेघालयात चेरापुंजीजवळ जिवंत मुळांचा पूल पाहावयास गेली आणि तिने त्या पुलाचे छायाचित्र घेतले. पुलावर तिचा धाकटा भाऊ उभा आहे, मागे गर्द झाडी आहे, वर पांढुरके आकाश आहे आणि खाली ओढ्यातील खडक आहेत. संगणकाच्या लेखी हे चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी होय. प्रत्येक ठिपक्याच्या उजळपणास ० ते २५५ यांमधील एक अंक दिलेला असतो. ० म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. आपल्या चित्रात आकाश २४०, खडक १०० आणि झाडीची सावली ४० आहे असे धरू.

या चित्रावर तिने पांढऱ्या अक्षरांत आपले नाव घातले आणि त्याची गडदता ३० टक्के ठेवली. म्हणजे अक्षराखालील प्रत्येक ठिपक्यात ३० भाग पांढरा आणि ७० भाग मूळ रंग मिसळला. खडकावर ७६.५ अधिक ७० मिळून १४६.५ होतात, १०० वरून १४७ च्या जवळ उडी गेली, म्हणून नाव सहज वाचता येते. आकाशावर मात्र ७६.५ अधिक १६८ मिळून २४४.५ होतात. फरक अवघा साडेचारांचा, म्हणून तेथे नाव दिसतच नाही. सावलीत हाच फरक चौसष्टांच्या वर जातो आणि अक्षरे डोळ्यांत खुपतात. तेथे गडदता २० टक्क्यांवर आणली, तर ४० चे ८३ होतात आणि नाव पुन्हा सौम्य दिसू लागते. चिन्हामुळे चित्र बिघडते ते बहुधा असे : एकच गडदता सर्वत्र वापरली जाते, आणि आकाशावर नाव दिसेना म्हणून ती वाढविली जाते. खरा उपाय जागा बदलणे हा होय. मूळ रंग आणि मिश्रण यांतील फरक चाळीसच्या आसपास राहील अशी जागा व गडदता निवडावी.

आता हेच गणित उलट करून पाहू. १४६.५ मधून ७६.५ वजा केले आणि उरलेल्या ७० ला ०.७ ने भागले, तर मूळचे १०० परत मिळतात. म्हणजे चिन्हाचा आकार आणि गडदता ज्यास कळली, त्यास ते बरेचसे धुऊन काढता येते. एका चित्रावरून हे कळणे अवघड असते. पण एकाच माणसाने शेकडो चित्रांवर तेच चिन्ह घातले असेल, तर चित्रे बदलतात आणि चिन्ह तेवढे कायम राहते, म्हणून ते वेगळे काढता येते. २०१७ साली गूगलमधील टाली डेकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम संगणकाकडून आपोआप करवून दाखविले. केवळ जागा वा गडदता बदलल्याने फारसा बचाव होत नाही, परंतु प्रत्येक चित्रावर चिन्हाचा आकार किंचित वाकवला तर धुतल्यावर ओरखडे मागे राहतात, असेही त्यांना आढळले. आता तर एकाच चित्रातील नको तो भाग पुसून तेथे आजूबाजूसारखा रंग भरणारी साधने साध्या फोनमध्येही असतात.

यावरून चिन्ह कोठे घालावे हेही ठरते. एकसारख्या आकाशावरील वा कोपऱ्यातील नाव पुसणे किंवा कापून टाकणे सर्वांत सोपे असते. आपल्या उदाहरणात ते पुलाच्या मुळांच्या खालच्या कडेस, अर्धे मुळांवर व अर्धे खडकांवर घालावे. तेथे पोत गुंतागुंतीचा असल्यामुळे पुसल्याची खूण राहते आणि ते कापावयाचे तर पूलही कापावा लागतो. भावाच्या चेहऱ्यावर मात्र ते येऊ देऊ नये.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. मूळ चित्र ४००० बाय ३००० ठिपक्यांचे असेल, तर ते तसेच जपून ठेवावे आणि त्याची १६०० बाय १२०० ठिपक्यांची प्रत करावी. पडद्यावर पाहण्यास ती पुरते. पण तिच्यात मुळाच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी ठिपके असल्यामुळे मोठी छपाई करू पाहणाऱ्यास ती अपुरी पडते. नाव या लहान प्रतीवरच घालावे, कारण आधी घालून मग चित्र लहान केले तर अक्षरांच्या रेषा झिजतात. नावाची रुंदी चित्राच्या सहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे सुमारे २७० ठिपके, आणि अक्षराची रेषा निदान तीन ठिपके जाड असावी. संकेतस्थळे चित्र पुन्हा दाबून साठवितात. त्यात याहून बारीक रेषा विस्कटतात. शेवटी प्रत फोनवर हातभर अंतरावरून पाहावी. नजर प्रथम भावाकडे व पुलाकडे जाऊन मग नावाकडे वळली, तर काम साधले.

मग चिन्ह घालावे काय? याचे उत्तर भीती कशाची आहे यावर अवलंबून आहे. चित्र आपल्या नावाविना फिरेल ही भीती असेल, तर अवश्य घालावे. भारतीय कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारी व्यक्ती होय, आणि हा हक्क मिळण्यास चिन्ह वा नोंदणी यांची आवश्यकता नाही. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेल्या ६५ब या कलमान्वये अशी कर्तृत्वाची माहिती जाणूनबुजून व अनधिकाराने काढून टाकणे हा गुन्हा आहे. दिसणारे नाव पुसले गेले, तर पुसणाऱ्यास अजाणता घडले असे म्हणणे कठीण जाते. फाइलच्या आत लिहिलेले नाव मात्र अनेक संकेतस्थळे चित्र चढवितानाच गाळून टाकतात, म्हणून एकट्या त्यावर विसंबू नये.

याउलट, भावाच्या चेहऱ्याचा कोणी गैरवापर करील ही भीती असेल, तर जलचिन्ह त्यावर उपाय नाही. नाव कोपऱ्यात असो वा मध्यावर, चेहरा मोकळाच राहतो. अशा वेळी चित्र ओळखीच्या माणसांपुरतेच ठेवावे, किंवा भाऊ पाठमोरा असलेले दुसरे चित्र निवडावे. पूल दोन्हींत सारखाच दिसतो.